कुत्रा चावलेल्या मुलाला रेबीजचं सीरम: वजनावरून किती, जखमेत किती

नव्याने रुजू झालेल्या इंटर्नला विचारलं, की चौदा किलोच्या मुलीला रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजचं सीरम, किती द्यायचं, तर उत्तर पटकन येतं. किलोला ४० आययू, म्हणजे ५६०. मग विचारलं, यातलं जखमेत किती जाईल? इथे बहुतेक जण थांबतात. काही जण म्हणतात, अर्धं जखमेत, अर्धं कमरेत. एकाने तर मला सांगितलं होतं, "सर, पोर फार रडली तर सगळं मांडीत दिलं तरी चालतं ना?"

नाही चालत. का नाही, ते कळलं की बाकीचं गणित सोपं होतं. ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिल्यांदाच हे काम करणाऱ्या डॉक्टर आणि सिस्टर मंडळींसाठी हे लिहितोय. मुलाला कुत्रा चावलाय म्हणून कुणी आईवडील वाचत असतील, तर त्यांनी आधी जखम साबणाने धुवावी आणि दवाखाना गाठावा. सीरम घरी टोचायची वस्तू नाही.

सीरम नेमकं काय करतं

कुत्र्याच्या लाळेतून विषाणू जखमेत उतरतो आणि काही काळ तिथल्याच स्नायूंत, पेशींत राहतो. तिथून तो मज्जातंतूत शिरला की मेंदूकडे त्याचा प्रवास सुरू होतो आणि मग आपल्या हातात काही उरत नाही. लस पहिल्या दिवशी टोचली तरी तिच्यामुळे शरीरात पुरेशा प्रतिपिंडांची फौज उभी राहायला सात ते चौदा दिवस जातात. मधल्या दिवसांत जखमेत बसलेल्या विषाणूला तिथेच निकामी करायला बाहेरून तयार प्रतिपिंडं आणून ओततो, ते म्हणजे सीरम.

विषाणू गालावर आणि सीरम मांडीत, असं झालं तर मांडीतलं सीरम रक्तात मिसळून इतकं पातळ होतं की गालाच्या जखमेपर्यंत त्यातलं फारसं काही पोचतच नाही. रेबीजची लस घेऊनही दगावलेल्या रुग्णांच्या नोंदी जगभर आहेत. त्यांतल्या कितीतरी नोंदींत एकच गोष्ट सापडते: एखाद्या जखमेत सीरम भरलंच नव्हतं, किंवा कुणाच्या लक्षातच न आलेली एक जखम राहून गेली होती.

म्हणून एक गोष्ट डोक्यात पक्की करा. वजनावरून निघणारा आकडा ही वरची मर्यादा असते. प्रत्यक्षात किती जायचं ते जखम ठरवते.

सीरम कोणाला

कातडी फाटून रक्त आलं असेल, दात आत शिरला असेल, आधीच फाटलेल्या कातडीला किंवा डोळ्यातोंडाच्या ओल्या त्वचेला लाळ लागली असेल, तर ती तिसरी श्रेणी. तिथे लस आणि सीरम दोन्ही लागतात. रक्त न येता नुसता ओरखडा असेल तर ती दुसरी श्रेणी, तिथे लस पुरते. मात्र मुलाची रोगप्रतिकारशक्ती फार कमी असेल, तर दुसऱ्या श्रेणीतही सीरम द्यावं लागतं. मुलाने पूर्वी रेबीजच्या लशीचा पूर्ण कोर्स घेतला असेल आणि तसा कागद असेल, तर सीरम नको. आज एक आणि आजच्यानंतर तिसऱ्या दिवशी एक, असे दोन बूस्टर पुरतात.

कुत्रा पाळलेला आहे, दहा दिवस नजरेखाली ठेवता येईल, हे ऐकलं तरी उपचार सुरू करायला थांबू नका. कुत्र्यावर लक्ष ठेवा आणि मुलाचं काम सुरू करा. कुत्रा दहा दिवस ठणठणीत राहिला तर पुढचे डोस थांबवण्याचा विचार तेव्हा करता येतो.

धुणं

हे सगळ्यात आधी, सिरिंजला हात लावायच्या आधी. साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मग पोव्हिडोन आयोडीन. घरून येताना जखमेत हळद, चुना किंवा तिखट भरून आणलेलं असतं, ते धुऊन काढायला वेळ लागतो, लागू दे. मी आईलाच नळाशी बसवतो आणि सांगतो, "ताई, सिस्टर सांगेल तोवर थांबायचं नाही." पोर आईच्या हातात शांत राहतं आणि इकडे आपलं गणित होतं.

वजन, आणि मग भागाकार

मुलाला काट्यावर उभं करा. अंगणवाडीच्या कार्डावरचं वजन चार महिन्यांपूर्वीचं असू शकतं. 'वयाची दुप्पट अधिक आठ' हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं, पण आपल्याकडची बरीच पोरं त्यापेक्षा हलकी भरतात. गेल्या पावसाळ्यात आलेली चार वर्षांची मुलगी सूत्राने सोळा किलोची झाली असती. काट्यावर ती चौदा भरली.

आता आकडे. घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं सीरम असेल तर किलोला जास्तीत जास्त ४० आययू. माणसाच्या रक्तापासून बनवलेलं असेल तर जास्तीत जास्त २० आययू. मोठ्या मुलांसाठी एकूण डोसलाही कमाल मर्यादा आहे: आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शनानुसार घोड्याच्या सीरमला ३००० आणि माणसाच्या सीरमला १५०० आययू. लहान मुलांत तिथवर पोचायची वेळच येत नाही.

आपल्याकडे घोड्याचं सीरम सहसा एका मिलीलीटरमध्ये ३०० आययू असतं आणि माणसाचं १५०. त्यामुळे चौदा किलोच्या त्या मुलीचं गणित असं होतं. घोड्याचं सीरम: १४ गुणिले ४०, म्हणजे ५६० आययू, भागिले ३००, म्हणजे १.८७ मि.ली. माणसाचं सीरम: १४ गुणिले २०, म्हणजे २८० आययू, भागिले १५०, म्हणजे पुन्हा १.८७ मि.ली. आययू निम्मे आणि दाटपणाही निम्मा, म्हणून मिलीलीटर सारखेच. वजनाला साडेसातने भागलं की उत्तर येतं, असा हिशेब म्हणूनच जुन्या सिस्टरांच्या तोंडी असतो.

हा हिशेब वापरा, पण बाटली वाचल्याशिवाय नाही. माणसाचं सीरम परदेशात मिलीलीटरला ३०० आययू असंही मिळतं. ती बाटली हातात आली आणि तुम्ही साडेसातने भागलं, तर दुप्पट डोस जाईल. जास्त सीरमचा तोटा असा, की बाहेरून आणलेल्या या प्रतिपिंडांचा अतिरेक झाला की लशीमुळे मुलाच्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं दबतात. म्हणून मर्यादा ओलांडायची नाही, आणि एकदा दिलेलं सीरम त्याच कोर्समध्ये पुन्हा द्यायचं नाही.

आता तिसरा प्रकारही आलाय, मोनोक्लोनल अँटिबॉडीचा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं रेबिशिल्ड त्यातलंच. त्याचा डोस किलोला ३.३३ आययू. झायडसचं ट्विनरॅब मात्र किलोला ४० आययू. दोन्ही जखमेतच द्यायची आणि त्याच कामाची, पण आकडे बघा किती लांब. रेबिशिल्डची बाटली हातात घेऊन ४० ने गुणणारा माणूस मी पाहिलाय. सिस्टरने बाटली पुढे करून विचारलं, "सर, एवढ्या किती बाटल्या उघडू?" म्हणून वाचलं. केसपेपरवर आधी औषधाचं नाव, मग त्याचा किलोमागचा आकडा, मग मिलीलीटरमधला आययू, मग वजन, अशा क्रमाने लिहा. चुकायला जागा राहत नाही.

१.८७ मिलीलीटर आले तर सिरिंजमध्ये १.८ घेतो. वर नाही, खाली गोल करायचं, कारण हा कमाल आकडा आहे.

ट्रे मांडताना

सीरम फ्रीजमधून काढलं की लगेच टोचू नका. थंडगार द्रव जखमेत गेला की दुखतं जास्त. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, हातात धरून बसलात तरी चालेल, पण गरम पाण्यात बुडवू नका.

ट्रेवर ॲड्रेनॅलिन हवंच. घोड्याच्या सीरमने क्वचित तीव्र ॲलर्जी होते, आणि झाली तर मिनिटांत होते. १:१००० ॲड्रेनॅलिनचा मुलाचा डोस किलोला ०.०१ मि.ली., मांडीच्या स्नायूत. चौदा किलोच्या मुलीला ०.१४ मि.ली. हा आकडा सीरम द्यायच्या आधीच केसपेपरच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो. पोर निळं पडायला लागल्यावर भागाकार सुचत नाही.

कातडीवरची चाचणी करायची का, हा नेहमीचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटना ती करायला सांगत नाही, कारण चाचणी निगेटिव्ह आली म्हणून ॲलर्जी होणारच नाही याची खात्री देता येत नाही. तुमच्या केंद्राच्या नियमात किंवा बाटलीच्या पत्रकात चाचणी सांगितली असेल तर करा, पण ट्रे तरीही तयार ठेवा. चाचणीवर विसंबून ॲड्रेनॅलिन कपाटात ठेवणं ही खरी चूक.

जखमा मोजणं

आता मुलाचे सगळे कपडे काढा. दिसतेय तीच जखम धरून चालायचं नाही. केसांत बोटं फिरवा, कानामागे बघा, कुल्ले, मांडीची आतली बाजू, बोटांच्या बेचक्या. कुत्रा पोराला पाडतो तेव्हा एकाच ठिकाणी चावत नाही. त्या मुलीच्या गालावर दोन दातखुणा होत्या, वरचा ओठ किंचित फाटला होता. आई तेवढंच सांगत होती. फ्रॉकची बाही वर केली तर डाव्या हातावर एक लांब फाटलेली जखम, मागच्या बाजूला दोन खोल भोकं, आणि करंगळीवर एक ओरखडा, ज्यातून रक्त आलं होतं. म्हणजे सात जखमा आणि सीरम १.८ मि.ली.

लहान मुलात अडचण नेहमी हीच असते. वजन कमी म्हणून सीरम कमी, आणि जखमा पुष्कळ. पहिल्या दोन जखमांत सगळं संपवून बाकीच्या कोरड्या ठेवणं हा सर्वांत वाईट मार्ग. त्यापेक्षा सलाईनने पातळ करा. निर्जंतुक नॉर्मल सलाईन घालून दुपटीने किंवा तिपटीने वाढवता येतं. आययू तेवढेच राहतात, फक्त सगळ्या जखमांना पुरेल इतका द्रव होतो. त्या मुलीसाठी १.८ मिलीलीटर सीरममध्ये १.८ मिलीलीटर सलाईन घातलं. ३.६ मिलीलीटर झालं.

मग सुई हातात घ्यायच्या आधी कागदावर वाटणी केली: गालाच्या दोन खुणांना ०.४ आणि ०.४, ओठाला ०.५, हातावरच्या लांब जखमेला १.१, मागच्या दोन भोकांना ०.४ आणि ०.४, करंगळीला ०.२. बेरीज ३.४. उरलेले ०.२ शेवटी खोल वाटेल तिथे. ही वाटणी अंदाजाचीच असते आणि टोचताना बदलते, पण न करता सुरुवात केली तर हाताच्या मागच्या भोकांपर्यंत सिरिंज रिकामी होते.

टोचताना

बारीक सुई घ्या, २६ गेजची. छोट्या जखमांना इन्सुलिनची सिरिंज फार सोयीची, कारण तिच्यावर दशांश वाचता येतो. मूल आईच्या मांडीवर, चादरीत गुंडाळलेलं, डोकं एका माणसाने धरलेलं. दोन माणसं पुरत नसतील तर तिसरं शोधा. हलणाऱ्या गालावर डोळ्याजवळ सुई घेऊन जाण्यात शहाणपण नाही.

सुरुवात चेहऱ्यापासून करतो. तिथे मज्जातंतू दाट असतात आणि मेंदू जवळ. सुई जखमेच्या कडेतून, आतल्या बाजूने घाला, तळापर्यंत न्या, आणि हळूहळू मागे घेत सीरम सोडा. जखमेभोवतीच्या चांगल्या कातडीला दहा ठिकाणी टोचत बसू नका. त्याने विषाणूला नव्या वाटा मिळण्याची भीती असते आणि पोराचे हाल होतात. एका आतल्या जागेवरून सुईची दिशा बदलत बऱ्याच बाजू भरता येतात.

जखम भरली हे कसं कळतं? कडा फुगतात, थोड्या पांढुरक्या होतात, आणि मग सीरम जखमेतून परत ओघळू लागतं. ते ओघळणं म्हणजे इथलं काम झालं. गालाच्या पहिल्या दातखुणेत ०.३ गेलं आणि दुसऱ्या खुणेतून एक थेंब बाहेर आला. म्हणजे दोन्ही भोकं आतून जोडलेली होती. बाहेरून कातडीवर एवढीशी दिसणारी खूण आत किती खोल असते, ते अशा वेळी समजतं. मग दुसऱ्या खुणेला ०.४ लागले नाहीत, ०.२ पुरले. वाचलेलं सीरम हातावरच्या जखमेकडे गेलं.

ओठाला फार भरू नका. सुजून मुलाला दूध पिता येत नाही. त्याहून जास्त जपायचं ते बोटांची टोकं, नाकाचा शेंडा आणि कानाची पाळी. तिथे कातडीखाली जागाच नसते. जास्त दाब दिला तर रक्तपुरवठा अडतो. करंगळीला ०.२ देताना नजर नखावर ठेवली. नख पांढरं पडलं की थांबायचं, आणि दाबून सोडल्यावर गुलाबीपणा परत येतो का ते बघायचं. तिच्या बाबतीत ०.१५ वरच थांबलो. 'शक्य तेवढं' या शब्दांचा अर्थ तिथली जागा मावून घेईल तेवढं, असाच आहे.

टाके शक्यतो नकोत. चेहऱ्यावर घालावेच लागले तर आधी सीरम, मग काही तास थांबून, सैल आणि कमीत कमी. आधी टाके आणि नंतर सीरम, असा क्रम कधीच नाही.

लस त्याच दिवशी, पण वेगळ्या सिरिंजने आणि वेगळ्या ठिकाणी. सीरम आणि लस एकमेकांत मिसळली तर दोन्ही वाया. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला लस मांडीच्या पुढच्या बाजूला, मोठ्या मुलाला दंडाला. कुल्ल्यात कधीच नाही, तिथे ती नीट काम करत नाही. लशीचा डोस मात्र मुलाच्या वजनावर ठरत नाही, मोठ्यांएवढाच असतो. नव्या लोकांचा इथेही घोळ होतो, सीरमला किलो लावतात म्हणून लशीलाही लावतात.

मोठं मूल, एकच जखम

आता उलटी परिस्थिती. त्याच आठवड्यात तीस किलोचा मुलगा आला. शाळेतून येताना पोटरीला चावा, दोन दातखुणा, बाकी अंग साफ. हिशेब: ३० गुणिले ४०, म्हणजे १२०० आययू, भागिले ३००, म्हणजे ४ मि.ली. पोटरीत दोन्ही खुणा खोलवर भरल्या, कडा फुगल्या, सीरम ओघळायला लागलं, तोवर ०.९ मि.ली. गेलं होतं.

उरलेल्या ३.१ चं काय? मी शिकलो तेव्हा उत्तर होतं, मांडीत दे. कुणी हे उरलेलं द्यायला विसरलं तर बोलणी खावी लागत. हे बदलायला ज्यांचं काम उपयोगी पडलं, त्यांत शिमल्याचे डॉक्टर ओमेश भारती. हिमाचलमध्ये सीरमचा मोठा तुटवडा होता, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फक्त जखमेत लागेल तेवढंच सीरम द्यायला सुरुवात केली. एका रुग्णाला सरासरी एक मिलीलीटरही लागत नव्हतं, आणि एका बाटलीत अनेक जण भागत होते. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपली भूमिका बदलली: सीरम जखमेत आणि जखमेभोवती द्यावं, उरलेलं दूर कुठेतरी स्नायूत देण्याने फारसा फायदा होत नाही. भारतींना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली.

म्हणून त्या मुलाला ०.९ वर थांबलो. उरलेलं सीरम त्याच दिवशी, निर्जंतुक पद्धतीने वेगळ्या सिरिंजांत भरून, पुढच्या रुग्णाला वापरता येतं. एकच सिरिंज दोन मुलांना कधीही नाही, सुई बदलली तरीही नाही. अमेरिकेसारख्या काही देशांत अजूनही पूर्ण डोस देतात आणि उरलेला दूर स्नायूत टोचतात, आणि आपल्याकडेही काही रुग्णालयांत तसा नियम असेल. तुमच्या जिल्ह्याचा नियम विचारून घ्या. कुठलाही नियम असला तरी क्रम तोच, आधी जखम भरायची.

उरवायचं म्हणून मात्र जखमेत हात आखडता घेऊ नका. खोल जखम, स्नायू फाटलेला, तिथे तीस किलोच्या मुलाचे चारही मिलीलीटर कमी पडतात आणि सलाईन घालावं लागतं. जखम बघून ठरवा, साठा बघून नाही.

उशिरा आलेलं मूल

चावून पंधरा दिवस झाले, जखम भरत आली, लस एकदाही घेतली नाही, असं मूल आलं तर सीरम द्यायचं. खपली असली तरी त्याच जागी टोचायचं. विषाणू महिनोन्‌महिने शांत बसू शकतो.

लस सुरू झालेली आहे पण सीरम मिळालं नाही, अशी मुलं जास्त येतात, कारण लस गावात मिळते आणि सीरम तालुक्याला. इथे मोजायचं ते पहिल्या लशीपासून, चाव्यापासून नाही. पहिल्या डोसनंतर सातव्या दिवसापर्यंत सीरम देता येतं. त्यानंतर लशीची स्वतःची प्रतिपिंडं तयार व्हायला लागलेली असतात, मग सीरम देऊ नये, फक्त लशीचे डोस पूर्ण करावे. आजी हमखास विचारते, "आता पोटात चौदा इंजेक्शनं का?" ती जुनी लस आपल्याकडे केव्हाच बंद झाली, हे आजीला सांगा. तिच्या भीतीमुळे पुढचे डोस चुकतात, हे पाहिलंय.

केसपेपर आणि घरी जाताना

सीरम दिल्यावर मुलाला किमान तासभर समोर बसवा. अंगावर गांध्या, घरघर, उलटी, चेहरा फिका पडणं, यातलं काही दिसलं तर ॲड्रेनॅलिन आधी, फोन नंतर.

त्या मुलीच्या केसपेपरवर हे लिहिलं: घोड्याचं सीरम, मिलीलीटरला ३०० आययू, बॅच नंबर, वजन १४ किलो, कमाल ५६० आययू, घेतलं १.८ मि.ली. म्हणजे ५४० आययू, सलाईनसह ३.६, आणि सातही जखमांपुढे त्या त्या जखमेत गेलेला आकडा. नुसतं 'सीरम दिलं' असं लिहिलेला कागद घेऊन मूल दुसऱ्या दवाखान्यात गेलं, की तिथल्या डॉक्टरला काहीच कळत नाही. जखमेत दिलं की मांडीत, कुठल्या जखमेत, पुन्हा द्यायचं की नाही. मग चुकून दुसऱ्यांदा दिलं जातं, किंवा एखादी जखम तशीच राहते.

आईला दोन गोष्टी सांगितल्या. आठवड्याभराने, कधी त्याहून उशिरा, ताप, अंगावर पुरळ, सांधेदुखी असं काही झालं तर घाबरू नका, पण घेऊन या. घोड्याच्या सीरमची ही उशिरा येणारी ॲलर्जी असते, औषधाने बरी होते, आणि त्यासाठी लस थांबवायची नसते. दुसरी गोष्ट, लशीच्या तारखा. आमच्याकडे त्वचेत देतात, म्हणून आजच्यानंतर तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. स्नायूत देणाऱ्या केंद्रात चौदावा दिवसही असतो. तारखा कार्डावर दिवसाच्या नावासकट लिहिल्या, कारण तिसरा दिवस नेमका बाजाराच्या रविवारी येत होता. आई म्हणाली, "रविवारी तुमची ओपीडी बंद ना?" इंजेक्शन रूम उघडी असते, हे कार्डाच्या मागे लिहून दिलं.